सरळ रेषा जरा जास्तच सरळ आली: विश्वप्रसरणाच्या एका शालेय प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

(शाळा, गाव आणि व्यक्तींची ओळख दिलेली नाही.)

पार्श्वभूमी

एका तालुक्याच्या गावातील माध्यमिक शाळेत नववीच्या चार विद्यार्थ्यांनी विज्ञान प्रदर्शनासाठी 'विश्व प्रसरण पावते याचा पुरावा' हा विषय घेतला. मार्गदर्शक विज्ञानाच्या बाई होत्या. दुर्बीण नव्हती आणि गरजही नव्हती, कारण या विषयावरचे एक जुने, गाजलेले छायाचित्र जगभरच्या शाळांत वापरले जाते. माउंट विल्सन आणि पालोमार वेधशाळांच्या या छायाचित्रात डाव्या बाजूला पाच दीर्घिका एकाखाली एक दाखवल्या आहेत. त्या कन्या, सप्तर्षी, उत्तर मुकुट, भूतप आणि वासुकी या तारकासमूहांच्या दिशेला असलेल्या दीर्घिका-समूहांमधल्या आहेत. उजव्या बाजूला प्रत्येकीचा वर्णपट आहे. खाली जावे तशी दीर्घिका लहान होत जाते आणि वर्णपटातल्या दोन काळ्या रेषा तांबड्या टोकाकडे सरकत जातात.

या दोन रेषा कॅल्शियमच्या आहेत. दीर्घिकेतल्या अब्जावधी ताऱ्यांच्या वातावरणातले कॅल्शियम ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेते. त्यातली 'के' नावाची रेषा प्रयोगशाळेत 3934 आंगस्ट्रॉमवर येते (एका सेंटिमीटरमध्ये दहा कोटी आंगस्ट्रॉम बसतात). दीर्घिकेच्या वर्णपटात हीच रेषा 4130 वर दिसली, तर तिथून निघालेला प्रकाश वाटेत ताणला गेला आहे असा अर्थ होतो. या सरकण्याला रेड शिफ्ट म्हणतात. किती टक्के ताणला गेला ते कळले की त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणायचे, म्हणजे दीर्घिका किती वेगाने दूर जात आहे ते मिळते. हा सोपा गुणाकार वेग प्रकाशाच्या वेगाच्या दहा टक्क्यांपर्यंत ठीक चालतो. त्यापुढे उत्तर हळूहळू चुकू लागते.

मोजणी विद्यार्थ्यांनी स्वतः केली आणि ती चांगली केली. वर्णपटाच्या वर-खाली हीलियमच्या तुलना-रेषा छापलेल्या असतात. पहिली 3889 आंगस्ट्रॉमची आणि शेवटची 5016 ची. त्यांच्या छपाईत या दोन रेषांमधले अंतर 49 मिलिमीटर भरले. म्हणजे 1127 भागिले 49, एका मिलिमीटरला 23 आंगस्ट्रॉम. सप्तर्षीमधल्या दीर्घिकेची के रेषा पहिल्या तुलना-रेषेपासून 10.5 मिलिमीटरवर होती. 10.5 गुणिले 23 म्हणजे 241.5. त्यात 3889 मिळवले की 4130.5 येतात. मूळ जागेपासून रेषा 196.5 आंगस्ट्रॉम सरकली. 196.5 भागिले 3934 म्हणजे 0.05, आणि 0.05 गुणिले 3,00,000 म्हणजे सेकंदाला 15,000 किलोमीटर. छायाचित्राखाली हाच आकडा छापला होता.

कन्या समूहातल्या दीर्घिकेपाशी मात्र पट्टी हरली. तिथे रेषा फक्त 16 आंगस्ट्रॉम सरकलेली आहे, म्हणजे कागदावर पाऊण मिलिमीटरही नाही. अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर वेग जवळपास 900 किलोमीटरने बदलतो, आणि खरा वेगच 1,200 च्या आसपास आहे. इथे पहिला निर्णय झाला: पट्टीने मोजलेले वेग वहीत ठेवायचे आणि आलेखावर छापील वेग घ्यायचे, म्हणजे आलेख 'स्वच्छ' येईल. अंतरेही छायाचित्रातलीच घेतली.

अडचण

आलेख खरोखर स्वच्छ आला. पाचही बिंदू शून्यातून जाणाऱ्या एका रेषेवर असे बसले की पट्टी ठेवून रेघ ओढायचेच काम उरले. दर दहा लाख प्रकाशवर्षांना वेग सेकंदाला सुमारे 15.3 किलोमीटरने वाढत होता.

एक प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश एका वर्षात जितका जातो तितके अंतर, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. या एककाचा फायदा असा की विश्वाच्या वयाचा अंदाज किलोमीटर-सेकंदांच्या शून्यांत न अडकता काढता येतो. दहा लाख प्रकाशवर्षे पार करायला प्रकाशाला दहा लाख वर्षे लागतात. 15.3 किलोमीटर वेगाने जाणारी वस्तू प्रकाशापेक्षा 19,600 पट सावकाश जाते, म्हणून तिला दहा लाख गुणिले 19,600, म्हणजे 1960 कोटी वर्षे लागतील. वेग कायम राहिला असे धरले तर इतक्या वर्षांपूर्वी सगळे एकत्र होते.

पण वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात विश्वाचे वय 1380 कोटी वर्षे दिले होते. तालुका पातळीवर परीक्षकांनी नेमके यावरच बोट ठेवले.

"तुमचा आलेख इतका सुरेख, मग वय सहाशे कोटींनी कसं चुकलं?"

"सर, मोजण्यात चूक झाली असेल."

"मोजण्यात चूक असती तर बिंदू इकडेतिकडे गेले असते. तुमचे तर एका रेषेत आहेत."

प्रकल्प पुढच्या पातळीसाठी निवडला गेला, परंतु या प्रश्नाचे उत्तर घेऊन यायला सांगितले गेले. हातात तीन आठवडे होते.

कारण शोधताना

बाईंनी विद्यार्थ्यांना एक साधे काम दिले: प्रत्येक समूहाचा वेग त्याच्या अंतराने भागा. छायाचित्रातली अंतरे 7.8 कोटी, 100 कोटी, 140 कोटी, 250 कोटी आणि 396 कोटी प्रकाशवर्षे होती. वेग 1,200, 15,000, 22,000, 39,000 आणि 61,000 किलोमीटर होते. दर दहा लाख प्रकाशवर्षांमागे भागाकार आले 15.4, 15.0, 15.7, 15.6 आणि 15.4. आकडे पूर्णांकात आणताना जेवढा फरक पडतो तेवढाच फरक, त्याहून जास्त नाही.

खऱ्या मोजमापात असे होत नाही. दीर्घिकेचे अंतर पाच-दहा टक्क्यांच्या आत मोजले गेले तरी ते चांगले मोजमाप समजतात. शिवाय दीर्घिका समूहात इकडेतिकडे फिरत असतात, त्यामुळे वेगही रेषेच्या वर-खाली होतात. पाच बिंदूंपैकी एकही हललेला नसेल, तर एक रकाना दुसऱ्यावरून तयार केला आहे अशी शंका घ्यायला हवी.

ती खरी निघाली. शाळेकडे होती ती छायाचित्राची झेरॉक्स, आणि झेरॉक्स काढताना खालची टीप कापली गेली होती. पूर्ण चित्र मिळाल्यावर त्यात स्पष्ट लिहिलेले सापडले: अंतरे ही दर दहा लाख पारसेकला सेकंदाला 50 किलोमीटर या प्रसरणदरावर आधारलेली आहेत. दहा लाख पारसेक म्हणजे 32.6 लाख प्रकाशवर्षे. 50 भागिले 3.26 म्हणजे 15.3.

म्हणजे छायाचित्र बनवणाऱ्यांनी वेग मोजला, त्या काळी बऱ्याच जणांना पटणारा 50 हा दर घेतला आणि त्यावरून अंतर काढून छापले. मुलांनी ते अंतर घेऊन वेगाशी आलेख काढला आणि त्यांना 50 परत मिळाले. 1960 कोटी वर्षे हे उत्तर आधीपासूनच त्या टिपेत होते. छायाचित्राची यात चूक नाही. रेड शिफ्ट कशी दिसते हे दाखवायला ते उत्तम आहे. मात्र अंतरासोबत वेग वाढतो याचा पुरावा म्हणून त्यातली अंतरे वापरता येत नाहीत, कारण ती तसे गृहीत धरूनच काढलेली आहेत.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सर्वांत सोपा होता: 50 च्या जागी आजचा सुमारे 70 हा दर घ्यायचा, अंतरे त्या प्रमाणात कमी करायची आणि वय 1400 कोटींजवळ आणायचे. एका विद्यार्थ्याने तसा आलेख काढूनही आणला. बाईंनी तो नाकारला. तो तितकाच सरळ होता आणि तितकाच पोकळ, फक्त उत्तर पुस्तकाशी जुळणारे होते. हा पर्याय फसवा अशासाठी की परीक्षकांनी वयाचा प्रश्न पुन्हा विचारलाच नसता.

दुसरा पर्याय अंतराचा भागच गाळून रेड शिफ्ट आणि प्रसरण दाखवणारा फुगा एवढेच ठेवण्याचा होता. त्यात खोटे काहीच नाही, पण मग 'दूर जातात' एवढेच सांगता येते. 'जितक्या दूर तितक्या वेगाने' हे सांगता येत नाही आणि प्रसरणाचा खरा पुरावा तोच आहे.

तिसरा पर्याय दीर्घिकांच्या आकारावरून अंतर काढण्याचा होता. सगळ्या दीर्घिका मुळात सारख्याच मोठ्या आहेत असे मानले, तर जी निम्मी दिसते ती दुप्पट दूर. यात वेगाचा संबंध येत नाही, म्हणून ही पद्धत स्वतंत्र आहे, आणि विद्यार्थ्यांना ती स्वतः करता येते. अडचण दोन ठिकाणी आली. दीर्घिकांचे आकार खरोखर सारखे नसतात. दुसरे म्हणजे दीर्घिकेची कड हळूहळू फिकट होत जाते आणि झेरॉक्समध्ये ती कुठे संपते यावर चार विद्यार्थ्यांची चार मते पडली. वासुकीमधली दीर्घिका तर छपाईत ठिपक्याएवढी होती. उतरता क्रम बरोबर मिळाला, दर मिळाला नाही.

चौथा पर्याय छायाचित्रातले समूह बाजूला ठेवून असे समूह घेण्याचा होता, ज्यांची अंतरे रेड शिफ्टला हात न लावता मोजलेली आहेत. असे समूह थोडे आहेत आणि जवळचे आहेत. हाच पर्याय निवडला. तिसरा पर्याय एका लहान तक्त्यावर, त्याच्या मर्यादेसकट, ठेवला.

केलेली कृती

तीन समूह घेतले: कन्या, दक्षिणेकडच्या आकाशातला फोर्नॅक्स आणि अरुंधतीकेशमधला कोमा. प्रत्येकाचे अंतर कसे मोजले गेले हे विद्यार्थ्याला सांगता आलेच पाहिजे, अशी बाईंची अट होती. प्रकल्पाचा बहुतेक वेळ इथेच गेला, आणि तो जाण्याजोगाच होता.

कन्या समूहासाठी सेफीड तारे कामी येतात. हे तारे ठरावीक दिवसांनी तेजस्वी आणि मंद होत राहतात. हेन्रिएटा लेव्हिट यांनी 1912 मध्ये लहान मॅजेलन मेघ या आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या 25 सेफीडांवरून दाखवले की ज्याचा आवर्तनकाळ जास्त तो तारा मुळातच जास्त तेजस्वी. त्यामुळे दोन ठिकाणी सारख्याच आवर्तनकाळाचे सेफीड सापडले, तर त्यांचे मूळ तेज सारखे मानता येते, आणि जो मंद दिसतो तो दूर आहे. तेज अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. मोठा मॅजेलन मेघ ही अशीच दुसरी दीर्घिका आपल्यापासून 1.63 लाख प्रकाशवर्षांवर आहे. तेथील अंतर एकमेकांना ग्रहण लावणाऱ्या जोडताऱ्यांवरून, भूमितीनेच मोजले गेले आहे. कन्या समूहातल्या एम 100 या दीर्घिकेतले सेफीड हबल अवकाश दुर्बिणीने टिपले आणि 1994 मध्ये तिचे अंतर सुमारे 5.6 कोटी प्रकाशवर्षे असल्याचे जाहीर झाले. हे मेघाच्या अंतराच्या 344 पट आहे. विद्यार्थ्यांनी वर्ग करून पाहिला: मेघातला सेफीड आणि त्याच आवर्तनकाळाचा एम 100 मधला सेफीड यांच्या दिसणाऱ्या तेजात 1.18 लाख पटींचा फरक पडतो. एवढा मंद तारा दीर्घिकेच्या गर्दीतून वेगळा ओळखण्यासाठी अवकाशात दुर्बीण न्यावी लागली, हे या एका गुणाकारातून त्यांना कळले. समूहातल्या अनेक दीर्घिकांचा विचार करून कन्या समूहाचे अंतर 5.4 कोटी प्रकाशवर्षे घेतले.

फोर्नॅक्सचे अंतर, 6.5 कोटी प्रकाशवर्षे, वेगळ्या युक्तीने मिळते. जवळच्या दीर्घिकेचे छायाचित्र किंचित दाणेदार दिसते, कारण प्रत्येक चौकटीत पडणाऱ्या ताऱ्यांची संख्या कमी-जास्त होते. दूरच्या दीर्घिकेत एका चौकटीत इतके तारे मावतात की फरक पुसला जातो. दाणेदारपणा मोजला की अंतर कळते. यावर जास्त वेळ दिला नाही.

कोमा समूह इतका दूर आहे की तिथल्या सेफीडांवर अंतर ठरवता येत नाही. तिथे 'वन-ए' प्रकारचे सुपरनोव्हा उपयोगी पडतात. हे स्फोट आपल्या कमाल तेजाला जवळपास सारखेच असतात आणि उरलेला फरक स्फोट किती लवकर मंदावतो यावरून दुरुस्त करता येतो. त्यांचे खरे तेज किती, हे जवळच्या स्फोटावरून ठरवतात. ऑगस्ट 2011 मध्ये एम 101 या दीर्घिकेत असा एक स्फोट दिसला. तो लहान दुर्बिणीतूनही पाहता येत होता, आणि सेफीडांवरून त्या दीर्घिकेचे अंतर, सुमारे 2.1 कोटी प्रकाशवर्षे, माहीत होते. कोमामधले स्फोट त्याच्या तुलनेत दोनशेहून अधिक पटींनी मंद दिसतात, म्हणजे ते सुमारे पंधरा पट दूर आहेत. असे अंतर येते 32 कोटी प्रकाशवर्षे. मॅजेलन मेघाच्या भूमितीवरून सेफीड आणि सेफीडांवरून सुपरनोव्हा, अशी ही शिडी आहे. खालच्या पायरीवर पाच टक्क्यांची चूक झाली तर ती वरपर्यंत तशीच जाते.

वेगांच्या बाबतीत काम सोपे वाटले होते आणि तिथेच दुसरा खड्डा होता. एका विद्यार्थ्याने कन्या समूहाची प्रतिनिधी म्हणून एम 86 घेतली. तिचा वेग निघाला उणे 244, म्हणजे ती आपल्याकडे येत आहे! त्याच समूहातली एम 87 सेकंदाला 1,284 किलोमीटरने दूर जाते आणि एम 49 सुमारे 980 ने. एकाच अंतरावरच्या तीन दीर्घिकांचे वेग इतके वेगळे असल्याचे कारण गुरुत्वाकर्षण आहे. समूहातल्या दीर्घिका एकमेकींच्या ओढीने आत-बाहेर धावत असतात, आणि एम 86 समूहाच्या पलीकडच्या बाजूने आत, म्हणजे आपल्या दिशेने, कोसळत आहे. हा तिचा स्वतःचा वेग प्रसरणाच्या वेगात मिसळतो. म्हणून एकटी दीर्घिका घ्यायची नाही, पूर्ण समूहाची सरासरी घ्यायची. कन्या समूहाची सरासरी सुमारे 1,100 येते, फोर्नॅक्सची सुमारे 1,400 आणि कोमाची सुमारे 6,900.

कोमातही एकेका दीर्घिकेचा वेग सरासरीपासून हजार किलोमीटरने इकडेतिकडे असतो. पण 6,900 पुढे हजार चालून जातात, 1,100 पुढे नाही. आलेखात कोमाच्या बिंदूला जास्त वजन द्यायचे ते यासाठी. देवयानी दीर्घिकेसारखी शेजारीण तर आलेखात घेऊच नये. ती 25 लाख प्रकाशवर्षांवर आहे, तिथे प्रसरणाचा वाटा सेकंदाला पन्नासेक किलोमीटर येईल, आणि परस्परांच्या ओढीमुळे ती आपल्याकडेच येत आहे.

फुग्याच्या प्रतिकृतीतही एक दुरुस्ती झाली. आधी फुग्यावर स्केचपेनने ठिपके काढले होते. फुगा फुगला की ठिपकेही पसरत, आणि मुले विचारत की मग दीर्घिका, पृथ्वी आणि आपणही फुगतो का. ठिपक्यांच्या जागी टिकल्या चिकटवल्या. टिकल्या तेवढ्याच राहतात, त्यांच्यातले अंतर वाढते. दीर्घिका आणि समूह गुरुत्वाने बांधलेले असल्यामुळे ते प्रसरण पावत नाहीत. या प्रतिकृतीला मर्यादाही आहेच: विश्व म्हणजे फक्त रबराचा पृष्ठभाग मानायचा, आतली हवा आणि फुग्याचा मध्य हिशेबात नाहीत.

निष्पत्ती

| समूह | अंतर (कोटी प्रकाशवर्षे) | वेग (किमी/सेकंद) | दर दहा लाख प्रकाशवर्षांना |
|---|---|---|---|
| कन्या | 5.4 | 1,100 | 20.4 |
| फोर्नॅक्स | 6.5 | 1,400 | 21.5 |
| कोमा | 32 | 6,900 | 21.6 |

यावेळी भागाकार एकसारखे आले नाहीत, पण जवळजवळ आले. अंतर तीन वेगवेगळ्या मार्गांनी आणि वेग चौथ्या मार्गाने काढलेला असताना ते जवळ आले, याला मोल आहे. रेषेचा चढ 21.5 धरला तर प्रकाशाच्या तुलनेत वेग 13,950 पट कमी, म्हणून वय सुमारे 1395 कोटी वर्षे.

हा आकडा 1380 च्या जवळ आला म्हणून विद्यार्थी खूश झाले, पण बाईंनी तक्त्यावर एक ओळ घालायला लावली: हा हिशेब प्रसरणाचा वेग कायम राहिला असे धरतो. प्रत्यक्षात तो आधी मंदावत गेला आणि गेल्या काही अब्ज वर्षांत पुन्हा वाढतो आहे. दोन्ही परिणाम जवळपास एकमेकांना छेद देतात, म्हणून साधा भागाकार खऱ्या वयाच्या इतक्या जवळ येतो. शिवाय आजही या दरावर एकमत नाही. विश्वातल्या सर्वांत जुन्या प्रकाशाचा अभ्यास करणाऱ्या प्लांक उपग्रहाच्या मोजणीतून दर दहा लाख पारसेकला 67.4 येतो, सेफीड-सुपरनोव्हाच्या शिडीवरून 73 च्या आसपास. प्रकाशवर्षांत सांगायचे तर 20.7 आणि 22.4. विद्यार्थ्यांचा 21.5 त्यांच्यामध्ये पडतो, पण तीन बिंदूंवरून या वादात कोणाची बाजू घेता येणार नाही.

पुढच्या पातळीवर परीक्षक बदलले होते. नव्या परीक्षकांनी विचारले, सगळ्या दीर्घिका आपल्यापासून दूर जातात, मग आपण मध्यभागी आहोत का? गटातल्या मुलीने कागदावर एका ओळीत चार बिंदू काढले आणि पहिल्यापासून पाहता इतरांचे वेग 0, 10, 20, 30 असे लिहिले. मग तिसऱ्या बिंदूवर बोट ठेवून त्याचा 20 सगळ्यांतून वजा केला: उणे 20, उणे 10, 0, 10. तिसऱ्यावरून पाहतानाही सगळे त्याच्यापासूनच दूर जातात आणि अंतराच्याच प्रमाणात. वेग अंतराच्या प्रमाणात वाढत असेल तरच हे साधते. तो नियम खरा आहे की गृहीत धरलेला, हे आधी तपासावे लागले ते यासाठीच.

दुसरा प्रश्न होता: यावरून महास्फोट सिद्ध झाला का? इथे गट अडखळला. उत्तर 'नाही' असे आहे. विश्वाला आरंभच नाही असे मानणाऱ्या स्थिर-स्थिती सिद्धांतालाही प्रसरण मान्य होते. फ्रेड हॉयल आणि जयंत नारळीकर यांच्यासारखे महास्फोटाचे टीकाकार दीर्घिका दूर जातात हे नाकारत नव्हते. महास्फोटाच्या बाजूने पारडे झुकले ते 1965 मध्ये सूक्ष्मलहरींचे पार्श्वप्रारण, म्हणजे विश्वातला तोच सर्वांत जुना प्रकाश, सापडल्यावर. तो वेगळा पुरावा आहे आणि या प्रकल्पात नव्हता.

वेगळे काय करता आले असते

छापील आकडे पट्टीने मोजलेल्या आकड्यांच्या जागी बसवले, तो निर्णय सर्वांत महाग पडला. स्वतःचे वेग त्रुटीच्या रेघांसह आलेखावर ठेवले असते, तर कन्या समूहाच्या बिंदूला 900 किलोमीटरची उभी रेघ मिळाली असती आणि बाकीचे बिंदू संशयास्पदरीत्या सरळ बसले आहेत हे लवकर लक्षात आले असते. 'स्वच्छ' आलेखाच्या मोहात मोजणीतली उपयुक्त माहितीच पुसली गेली.

1929 चा इतिहास सुरुवातीलाच मांडला असता तर अंतर हाच कळीचा भाग आहे हे आपोआप कळले असते. अंतरासोबत वेग वाढतो हे दाखवणाऱ्या एडविन हबल यांच्या त्या वर्षीच्या तक्त्यात वेग बऱ्याच अंशी व्हेस्टो स्लायफर यांनी मोजलेले होते आणि बहुतेक ठीक होते. अंतरे मात्र फार कमी होती. कन्या समूह त्यांनी 65 लाख प्रकाशवर्षांवर ठेवला होता, आजच्या आकड्याच्या आठव्या भागावर. त्यामुळे दहा लाख पारसेकमागे दर आला 500, आजच्या सातपट. त्यावरून वय येते 196 कोटी वर्षे, आणि पृथ्वीच 450 कोटी वर्षांची आहे! वॉल्टर बाडे यांनी 1952 मध्ये सेफीडांचे दोन वेगळे प्रकार आहेत हे जाहीर केल्यावर अंतरे एकदम दुप्पट झाली. पुढे हबल यांनी दूरच्या दीर्घिकांत तारे समजून घेतलेले काही ठिपके वायूचे तेजस्वी ढग निघाले आणि अंतरे आणखी वाढली. वर्ग घेऊ पाहणाऱ्या शिक्षकाला हा तक्ता वापरणे सोयीचे आहे, कारण त्यात बिंदू खरोखर विखुरलेले आहेत, काही दीर्घिकांचे वेग उणे आहेत, आणि तरीही कल दिसतो.

तीन बिंदू फार कमी आहेत. कन्या आणि फोर्नॅक्स जवळजवळ एकाच अंतरावर असल्यामुळे रेषा खरे तर दोनच टोकांवर उभी आहे. 10 ते 25 कोटी प्रकाशवर्षांच्या मधल्या पट्ट्यातले, वन-ए सुपरनोव्हा झालेले चार-पाच बिंदू मिळवले तर आलेख पक्का होईल.

ते शोधताना एक काळजी घ्यावी लागते. इंटरनेटवरच्या याद्यांत दीर्घिकेपुढे लिहिलेले अंतर बहुतेक वेळा रेड शिफ्टवरूनच काढलेले असते आणि तसे लिहिलेले नसते. NED या मोफत खगोलीय संग्रहात (`ned.ipac.caltech.edu`) दीर्घिकेचे नाव, उदाहरणार्थ `NGC 4889`, टाइप केले की रेड शिफ्टवरून काढलेले अंतर एका ठिकाणी आणि `Redshift-Independent Distances` या मथळ्याखाली स्वतंत्र मोजमापे दुसऱ्या ठिकाणी मिळतात. आलेखासाठी दुसऱ्या ठिकाणचीच घ्यायची. एकाच दीर्घिकेची तिथे अनेक मोजमापे असतात आणि ती आपसांत वीस-तीस टक्क्यांनीही वेगळी असू शकतात. त्यातले रेषेवर बसणारे निवडण्याचा मोह होतो, म्हणून पद्धत आधी ठरवावी आणि सगळ्या बिंदूंना तीच लावावी. जिथे पद्धत दिलेली नाही तिथे वेगाला अंतराने भागून पाहावे. यादीतल्या प्रत्येक ओळीत तोच भागाकार आला, तर ती यादी आलेखासाठी वापरू नये.